सी-टू-एचला ‘नाही’ म्हणताना

*मी पुण्यात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षांपासून टेस्टर आहे. नोकरी कायम आहे, वर्षाला 6 लाख 80 हजार मिळतात आणि नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. एका स्टाफिंग एजन्सीच्या रिक्रूटर बाईंनी मला खराडीतल्या एका मोठ्या कंपनीसाठी विचारले. मला कायम नोकरीच हवी आहे, असे मी पहिल्याच फोनवर म्हटले होते. त्यावर ‘आधी इंटरव्ह्यू तर द्या’ असे त्या म्हणाल्या आणि मी दिला. दोन्ही फेऱ्या पार झाल्या. आता ऑफर आली आहे ती सी-टू-एचची : पहिले सहा महिने एजन्सीच्या पे-रोलवर, मग काम पाहून कंपनीच्या पे-रोलवर. पॅकेज 9 लाख 60 हजार. आम्ही पुढच्या वर्षी घरासाठी कर्ज काढणार आहोत, म्हणून मला हा प्रकार नको आहे. पण याच एजन्सीने माझ्या मैत्रिणीला चांगली कायम नोकरी लावून दिली, त्यामुळे संबंध बिघडवायचे नाहीत. पाच दिवस मी ‘विचार करते’ एवढेच सांगते आहे. नाही कसे म्हणू?*

*— एक वाचक, कोथरूड*

उद्या सकाळी फोन करा, फोन झाल्यावर तासाभरात मेल पाठवा आणि दोन्हींत कारण एकच सांगा, जे तुम्ही मला सांगितले आहे तेच. तुमचा नकार एजन्सीला खुपेल तो त्यातल्या नकारामुळे फारसा नाही, त्याला लागलेल्या दिवसांमुळे खुपेल. मी अनेक वर्षे पुण्यातल्या अशाच एका एजन्सीत बसून उमेदवारांचे नकार ऐकले आहेत. ज्यांनी वेळेत आणि स्पष्ट नाही म्हटले त्यांना पुढे फोन करायला मला कधी संकोच वाटला नाही. ‘विचार करतो’ म्हणून दहा दिवस झुलवणाऱ्यांची नावे मात्र अजून आठवतात.

या पाच दिवसांत पलीकडे काय चालले असेल, ते आधी पाहा. दुसरी फेरी संपली तेव्हा कंपनीच्या मॅनेजरने तुमच्या नावापुढे ‘निवड’ असे लिहिले आणि रिक्रूटर बाईंना रुजू होण्याची तारीख विचारली. बहुतेक वेळा मॅनेजरच्या मनात दुसऱ्या क्रमांकाचा एक उमेदवार असतो. तुम्ही होकार देईपर्यंत त्याला ‘अजून निर्णय झालेला नाही’ असे सांगून थांबवले जाते. हा दुसरा माणूस फार दिवस थांबत नाही, कारण कराराच्या जागांसाठी लवकर रुजू होऊ शकणारे लोकच शोधलेले असतात आणि त्यांच्या हाती एकाच वेळी दोनतीन ऑफर असतात. तो निसटला आणि त्यानंतर तुमचा नकार आला, तर त्या बाईंना क्लायंटसमोर रिकाम्या हाताने उभे राहावे लागते. शिवाय तीच जागा क्लायंटने आणखी तीनचार एजन्सींना दिलेली असते, म्हणजे ती दुसऱ्याच्या पदरात पडते. उद्याच कळवले तर निदान त्या दुसऱ्या माणसाला त्याच दिवशी फोन लावता येतो. म्हणून मी तारखेवर एवढा अडून बसतो.

एजन्सीच्या संगणकात तुमच्या नावापुढे एक शेरा पडतो, तोही ध्यानात असू द्या. ऑफर मिळताना नाही म्हटले तर ‘ऑफर नाकारली’ असा शेरा पडतो आणि त्याखाली कारण लिहायला जागा असते. होकार देऊन रुजू होण्याच्या आधी मागे फिरलात, किंवा फोन उचलणे बंद केलेत, तर ‘बॅकआउट’ असा शेरा पडतो. पहिला शेरा असलेल्या माणसाला पुढची जागा आली की फोन जातो. दुसरा शेरा दिसला की नवी रिक्रूटर, जिने तुमचा आवाजही कधी ऐकलेला नाही, तुमचे नाव ओलांडून पुढे जाते. तुम्ही सध्या पहिल्या प्रकारात आहात. ‘आता हो म्हणते, चांगली कायम ऑफर आली की मागे फिरते’ असा विचार कोणी सुचवला, तर तो दुसऱ्या प्रकारात नेणारा रस्ता आहे.

आता पैशाचे गणित थोडे पाहू, कारण ते कळले की फोनवर काय मागता येईल आणि काय नाही, हे आपोआप स्पष्ट होते. कराराच्या जागेत एजन्सी तुम्हाला पगार देते आणि क्लायंटकडून त्याहून थोडी जास्त रक्कम दरमहा घेते. तुमचे 9 लाख 60 हजार म्हणजे महिन्याला 80 हजार. समजा एजन्सी त्यावर बारा टक्के लावत असेल, तर महिन्याला 9,600 आणि सहा महिन्यांचे 57,600 रुपये. त्यातून पे-रोल सांभाळण्याचा खर्च जातो. शिवाय क्लायंटचे पैसे दीडदोन महिन्यांनी येतात आणि तुमचा पगार तर महिनाअखेरीस द्यायचा असतो, त्यामुळे तेवढी रक्कम एजन्सी स्वतःच्या खिशातून गुंतवून ठेवते. कायम जागेत हे काहीच नसते. क्लायंट वार्षिक पॅकेजचा ठरलेला हिस्सा एकदाच देतो. 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा आकडा या धंद्यात फार रूढ आहे. तुमच्या बाबतीत तो जवळपास 80 हजार होतो. तुमच्याकडून, अर्थातच, दोन्हींत एक रुपयाही घ्यायचा नसतो.

हे गणित पाहून कोणालाही वाटेल, की मग एजन्सी कायम जागेवरच का नेत नाही? कारण ते तिच्या हाती नसते. कंपनीच्या वरिष्ठांनी कायम जागा मंजूर केलेली नसते. त्या मॅनेजरकडे फक्त बाहेरच्या पुरवठादारांवर खर्च करण्याचा निधी असतो आणि काम तर आजच करून घ्यायचे असते. म्हणून तो सी-टू-एच मागतो. करार हा एजन्सीचा डाव आहे असे मनात धरून बोललात, तर आवाजात नकळत तक्रार येईल आणि ती चुकीच्या दारी जाईल. मात्र एक प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि तो नकार देण्याच्या आधी नव्हे, नकारासोबतच विचारायचा आहे : हीच जागा किंवा याच कंपनीतली दुसरी जागा सुरुवातीपासून कंपनीच्या पे-रोलवर निघाली, तर मला पुन्हा तुमच्याच मार्फत पाठवाल का? या प्रश्नात घासाघीस नाही. दोन फेऱ्या पार केलेला उमेदवार हातात आहे, याची नोंद त्याने होते आणि कायम जागा निघालीच तर एजन्सीला 80 हजारांचे काम जवळजवळ तयार मिळते. नकार देताना तुमच्या हाती असलेली ही एकच देण्याजोगी गोष्ट आहे.

इथे ‘कायम’ या शब्दाकडे जरा जास्त वेळ पाहायला हवे, कारण आपल्याकडे या एका शब्दाने पुष्कळ गोंधळ झाले आहेत. तुम्ही ‘मला परमनंट हवे’ म्हटले, की काही रिक्रूटर अगदी प्रामाणिकपणे म्हणतात, ‘मग आमच्या रोलवर परमनंट घ्या ना’. म्हणजे नेमणूक एजन्सीची, तीही मुदत नसलेली, आणि काम मात्र क्लायंटकडे. कागदावर ती कायम नोकरीच असते, त्यामुळे त्या खोटे बोलत नसतात. परंतु क्लायंटचे काम संपले तर पुढे काय, पगार चालू राहणार की नाही, दुसरे काम मिळेपर्यंत किती दिवस थांबवले जाईल, हे सगळे एजन्सीच्या नियमांवर अवलंबून असते. तुमच्या कर्जाच्या फायलीत पगाराच्या पावत्या आणि फॉर्म 16 लागतील तेव्हा त्यांच्यावर नाव एजन्सीचेच असेल. बँक नोकरीचा काळ पाहते आणि पगार देणारी संस्था कोण, हेही पाहते. चार वर्षांची कायम नोकरी सोडून पुढच्या वर्षी बँकेसमोर बसायचे असेल, तर तुमची काळजी रास्त आहे आणि कायम नोकरीचा आग्रह लपवण्याचे कारण नाही. म्हणून फोनवर आणि मेलमध्ये ‘परमनंट’ हा एक शब्द टाकून मोकळ्या होऊ नका. ‘जिथे काम करायचे त्याच कंपनीचे नियुक्तिपत्र, पहिल्या दिवसापासून’ असे पूर्ण सांगा. हे वाक्य एकदा त्यांच्या नोंदीत गेले, की पुढचे निम्मे चुकीचे फोन येणारच नाहीत.

फोन कधी करायचा? सकाळी साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान. नंतर त्यांच्या क्लायंटबरोबरच्या बैठका सुरू होतात आणि त्या बैठकीत तुमचे नाव ‘होकाराच्या प्रतीक्षेत’ म्हणून सांगण्याआधी त्यांच्या कानावर गेलेले बरे. व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर पाठवून सुटका करून घेऊ नका. इतक्या पुढे गेलेल्या प्रकरणात ते तोंड चुकवल्यासारखे दिसते. फोन दोन मिनिटांचा असावा आणि पहिल्याच वाक्यात निर्णय यावा. आधी तब्येत, मग हवामान, मग ‘एक सांगायचे होते’, असे केले की समोरची व्यक्ती तेवढ्या वेळात होकाराची आशा बांधून बसते.

साधारण असे बोलता येईल : ‘मॅडम, ऑफरबद्दल कळवायला फोन केला आहे. मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही. काम आणि पॅकेज दोन्ही मला आवडले; पण मला पहिल्या दिवसापासून कंपनीच्याच पे-रोलवर जायचे आहे आणि त्यात बदल होणार नाही. कळवायला मला पाच दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. तुम्हाला क्लायंटला पाठवता येईल असा मेल मी लगेच पाठवते.’ एवढे बोलून थांबा. ‘मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितले होते’ हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, आणि ते खरेही आहे. तरी ते गिळा. त्या बाईंना ते आठवत असते आणि न बोलता सोडलेत तर ते अधिक नीट आठवते. आणखी एक गोष्ट : पहिल्या फोनवर सांगूनही तुम्ही दोन फेऱ्या दिल्यात, तेव्हा त्यांनी तुमचा आग्रह सैल झाला असे समजणे अगदीच गैर नव्हते. म्हणून क्षमा मागायची ती पाच दिवसांची, नकाराची नाही.

मेल तुम्ही बहुधा इंग्रजीत लिहाल. मजकूर मात्र असा ठेवा, की तो जसाच्या तसा पुढे पाठवता यावा. रिक्रूटरला नकाराचे कारण आपल्या वरिष्ठांना आणि क्लायंटच्या मॅनेजरला सांगावे लागते. ते तिने स्वतःच्या शब्दांत रचण्यापेक्षा तुमच्या शब्दांत असले तर तिच्या डोक्यावरचा भार उतरतो. याचाच दुसरा अर्थ असा, की जे क्लायंटने वाचू नये असे तुम्हाला वाटते ते या मेलमध्ये लिहायचे नाही. कर्जाचा उल्लेख नको, करारपद्धतीवर टीका नको, आणि दुसरीकडच्या मुलाखतीही नकोत. विषयाच्या ओळीत तुमचे नाव, पदाचे नाव आणि ‘ऑफर स्वीकारता येत नाही’ एवढे असावे. आत असे काही :

> ‘सकाळी फोनवर सांगितल्याप्रमाणे, वरिष्ठ टेस्ट इंजिनीअर या पदासाठीची सहा महिन्यांच्या करारावरची ऑफर मी स्वीकारू शकत नाही. दोन्ही मुलाखती मोकळेपणाने झाल्या आणि कामाचे स्वरूप मला आवडले, याबद्दल तुमचे आणि तिथल्या टीमचे आभार. माझा निर्णय केवळ नेमणुकीच्या स्वरूपामुळे आहे. ज्या कंपनीत काम करायचे, तिचेच नियुक्तिपत्र पहिल्या दिवसापासून असेल अशाच जागेसाठी मी सध्याची नोकरी सोडणार आहे. याच कंपनीत तशी जागा निघाल्यास मला तुमच्या मार्फत पुन्हा अर्ज करायला आवडेल. माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. अशा इतर जागांसाठीही माझा रेझ्युमे तुमच्याकडे ठेवावा. मात्र कुठेही पाठवण्यापूर्वी मला एकदा विचारावे.’

शेवटचे वाक्य आगाऊपणाचे वाटले तरी राहू द्या. तुमचा रेझ्युमे तुमच्या नकळत चार कंपन्यांकडे गेला, तर पुढे त्रास तुम्हालाच होतो. पत्रात ‘सध्या’ हा शब्द मी एकदाच आणि नोकरीसाठी वापरला आहे, निर्णयासाठी नाही, हेही पाहा. ‘सध्या करार नको’ असे लिहिले, की दोन महिन्यांनी करार घेऊन फोन येणारच, आणि तेव्हा चूक तुमची असेल.

खरे कारण सांगावे असे मी म्हणतो, त्यात नीतीचा भाग आहे तितकाच व्यवहाराचाही आहे. माझ्या टेबलासमोर एकदा एक तरुण बसला होता. त्यालाही करार नकोच होता, पण ते सांगायला तो लाजला आणि ‘पॅकेज कमी पडते’ असे म्हणाला. मी दिवसभर क्लायंटच्या मागे लागून वर्षाला 70 हजार वाढवून आणले आणि संध्याकाळी त्याला आनंदाने फोन केला. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘खराडी लांब पडते.’ मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळवली. तिसऱ्या दिवशी त्याने फोन उचलणे बंद केले. त्या मुलावर मी चिडलो, हे कबूल करतो. पण खरा संताप आला तो क्लायंटकडे वाढीव पगारासाठी शब्द खर्च करून बसलो याचा. तो पहिल्याच दिवशी ‘करार नको’ म्हणाला असता, तर मला काहीच करता आले नसते आणि त्यामुळे काही वाईटही वाटले नसते. पगार, अंतर, पदनाम ही कारणे सुटणारी असतात. ती सांगितली की ती सोडवली जातात आणि तुम्ही कोपऱ्यात सापडता. वडिलांचे आजारपण किंवा ‘दुसरीकडून ऑफर आली’ ही कारणेही टिकत नाहीत. पहिले तुम्ही तीन महिन्यांनी लिंक्डइनवर नवी नोकरी जाहीर करताच उघडे पडते. दुसऱ्याला ‘कुठली, किती?’ हा प्रश्न लगेच येतो, कारण ती माहिती त्यांच्या धंद्याला उपयोगी असते.

तुमचा नकार ऐकून त्या बाई एकदा तरी समजूत घालतील, हे गृहीत धरा. ते त्यांचे कामच आहे आणि त्यात काही वाईट नाही. बहुधा म्हणतील, ‘सहा महिन्यांनी सगळ्यांना घेतातच.’ इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. मनातून तुम्ही थोड्याही डळमळीत असाल, तर विचारण्यासारखे प्रश्न नेमके आहेत. याच कंपनीत गेल्या वर्षभरात तुमच्या पे-रोलवरून कितीजण त्यांच्या पे-रोलवर गेले आणि किती गेले नाहीत? ठरावीक महिन्यांच्या आत कंपनीने घेतले तर एजन्सीला तिने वेगळे शुल्क द्यावे लागते का आणि किती महिन्यांनी ते माफ होते? कंपनीकडे जाताना पगार तोच राहील, हे पत्रात लिहून मिळेल का? आणि कराराच्या मध्येच काम बंद झाले तर नोटीस किती दिवसांची? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष बोलके असते, कारण शुल्क माफ होण्याची मुदत बारा महिन्यांची असेल तर सहाव्या महिन्यात घेण्याची घाई कंपनीला का असावी? पण तुमच्या पत्रावरून तुमचे ठरलेले दिसते. ठरलेले असताना हे प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारणारी व्यक्ती वाटाघाटीला बसली आहे असाच त्याचा अर्थ घेतला जातो. त्या उत्तरे आणायला धावतील आणि तुम्ही पुन्हा त्या तरुणाच्या जागी जाल. ‘तुमचे म्हणणे बरोबर असेल, पण हाती असलेली कायम नोकरी मी करारासाठी सोडणार नाही’ एवढेच म्हणा. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर हेच वाक्य, याच शब्दांत.

आता ज्या एका चुकीने एजन्सी खरोखर तुटते, तिच्याबद्दल. तुमचा रेझ्युमे त्या कंपनीकडे एजन्सीने पाठवला आहे. त्यांच्या करारानुसार काही महिने, बऱ्याच ठिकाणी सहा ते बारा, तुमची तिथली ओळख एजन्सीच्या नावावर असते. या मुदतीत तुम्ही कंपनीच्या संकेतस्थळावर परस्पर अर्ज केलात आणि निवड झाली, तर एजन्सी शुल्क मागू शकते, कंपनी ते नाकारू शकते, आणि त्या ओढाताणीत तुमची ऑफर लटकू शकते. कायद्याने तुम्हाला कोणी अडवलेले नाही, पण नाव दोन्हीकडे खराब होते. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरनेच तुम्हाला लिंक्डइनवर लिहिले, ‘कायम जागा निघते आहे, थेट बोलू या’, असेही होऊ शकते, आणि ते मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. त्याला सभ्यपणे लिहा, की मला इथे अमुक एजन्सीने आणले आहे, तेव्हा त्यांना सोबत घेऊनच पुढे जाऊ. आणि त्याच दिवशी रिक्रूटर बाईंना तो निरोप कळवा. त्या क्षणी तुम्ही त्यांच्या दृष्टीने नकार देणारी उमेदवार राहत नाही, काम आणून देणारी होता. मुदत नेमकी किती आहे हे आताच्या मेलमध्ये विचारू नका, संशय येईल. पुढे कधी गरज पडली तर फोनवर सहज विचारता येते.

नकारानंतरच्या पंधरा दिवसांत एक गोष्ट केली तर उपयोग होतो. तुमच्या ओळखीत एखादा टेस्टर असेल, ज्याचा नोटीस पिरियड संपत आला आहे किंवा जो सध्या घरी आहे आणि ज्याला करार चालतो, तर आधी त्याला विचारा आणि त्याची संमती मिळाल्यावरच त्याचा नंबर त्या बाईंना द्या. आभाराच्या दहा मेलपेक्षा हा एक नंबर त्यांच्या कामाचा असतो, कारण ती जागा अजून रिकामी असते आणि त्यांच्यावर ती भरण्याचा दबाव असतो. ओळखीत असे कोणी नसेल तर ओढूनताणून नाव देऊ नका. नको असलेल्या माणसाचा नंबर दिला की दोघेही वैतागतात.

मोठ्या एजन्सींत कराराच्या जागा आणि कायम जागा सांभाळणारी माणसे वेगळी असतात, त्यांचे महिन्याचे लक्ष्यही वेगळे असते. तुमच्याशी बोलणाऱ्या बाई कराराच्या बाजूच्या असतील, तर त्यांची मर्जी कितीही राहिली तरी त्यांच्या हाती तुम्हाला देण्यासारखी जागाच नसेल. तुमच्या मैत्रिणीला नोकरी लावणारी व्यक्ती बहुधा दुसऱ्या बाजूची असावी. मैत्रिणीकडून त्यांचे नाव घ्या. पण त्यांना थेट लिहिण्याआधी या बाईंना सांगा : ‘कायम जागा पाहणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांशी माझी गाठ घालून द्याल का?’ गाठ यांनी घालून दिली, तर पुढे तिथे तुमची निवड झाल्यावर तिचे थोडे श्रेय त्यांच्या खात्यावर पडते. परस्पर गेलात तर त्यांना ते कळायला एक दिवसही लागत नाही, कारण दोघींच्या खुर्च्या एकाच मजल्यावर असतात. त्यानंतर दीडदोन महिन्यांनी दोन ओळींचा निरोप पुरे : पगार, नोटीस पिरियड किंवा कौशल्यात काही बदल असेल तर तो, आणि अजून कायम जागेच्याच शोधात आहे हे. दर आठवड्याला ‘काही आहे का?’ असे विचारू नका.

आणि येत्या आठवड्यात एक गोष्ट जवळजवळ नक्की घडेल. तीच खराडीतली जागा घेऊन दुसऱ्या एखाद्या एजन्सीचा फोन येईल, कदाचित थोड्या जास्त पगाराने, आणि कंपनीचे नाव ते लगेच सांगणारही नाहीत. कामाचे वर्णन ओळखीचे वाटले तर आधी नाव विचारा. तीच कंपनी असेल तर ‘या जागेसाठी माझे नाव आधीच गेले होते आणि मी करार नाकारला आहे’ असे सांगा, आणि तुमचा रेझ्युमे पुन्हा पाठवायला परवानगी देऊ नका. तो दोनदा पोचला की कंपनीचा संगणक दुसऱ्या वेळी तो अडवतो, पहिल्या एजन्सीला विचारणा जाते, आणि इतक्या काळजीने लिहिलेल्या तुमच्या मेलवर त्या बाईंचा विश्वास बसणे अवघड होते.